जीएनएम दुसरं वर्ष : वॉर्ड, लेक्चर, केअर प्लॅनच्या फायली आणि कापूस वेचणी. रात्रीची झोप कुठून आणायची?

तापीकाठची

नमस्कार मंडळी. मी जीएनएमच्या दुसऱ्या वर्षाला आहे. लग्न झालंय, मुलगी चार वर्षांची आहे. अमळनेरजवळच्या खेड्यात राहते आणि कॉलेज, पोस्टिंग जळगावला असल्याने रोज रेल्वेने अप-डाउन करते.

सध्या मेडिकल वॉर्डचं पोस्टिंग आहे. सकाळी आठ ते दोन वॉर्ड, मग डबा खाऊन लेक्चर. घरी पोहोचेपर्यंत दिवेलागण होते. वेचणीचे दिवस असल्याने सासूबाई आणि हे दिवसभर शेतात असतात, त्यामुळे संध्याकाळचा स्वयंपाक माझ्याकडे. मुलगी झोपली की साडेदहाला फाइल उघडते ती एक वाजेपर्यंत. पहाटे साडेचारला परत उठायचं. आता असं झालंय की वॉर्डात औषध काढताना लेबल दोनदा वाचलं तरी डोक्यात शिरत नाही, याची मला भीती वाटते. त्यात पुढच्या महिन्यात नाइट लागणार आहे.

घर सोडता येत नाही, वॉर्ड सोडता येत नाही, लेक्चरची हजेरी लागतेच. मग नेमकं काय कमी करू? "मन शांत ठेव" असं घरचे सांगतात. मला प्रत्यक्ष करता येईल असं काही सांगा.

यावलची_सून

अगदी हीच गत माझी, फक्त कापसाऐवजी केळी. वाचत राहते.

पहाटेचा_अभ्यास

ताई, रात्री बसूच नका. नऊला झोपा, तीनला उठा आणि पहाटे लिहा. मी तेच करतो. शरीराला सवय लागली की चार-पाच तास झोप पुरते. सुरुवातीचे काही दिवस जड जातं, मग काही वाटत नाही.

धुळ्याची_सिस्टर

भाऊ, पहाटे डोकं ताजं असतं आणि उठायची वेळ रोज एकच ठेवावी, इथपर्यंत पटलं. पण "काही वाटत नाही" ही धोक्याची पायरी आहे. कमी झोपेची सवय लागते म्हणजे काय, तर आपण थकलोय हे आपल्याला कळेनासं होतं. हात आणि नजर मात्र थकलेलीच राहते. ताईला लेबल दोनदा वाचावं लागतंय, म्हणजे तिचं शरीर तिला अजून खरं सांगतंय. आणि चार वर्षांच्या मुलीची आई नऊला झोपणार कशी, तेही सांगा.

जुनी_टोपी

मी बरीच वर्षं ट्यूटर होते, आता भुसावळला निवृत्त आहे. बेटा, आधी एक सांग. साडेदहा ते एक या वेळात तू नक्की काय लिहितेस? एकेक गोष्ट सांग, मगच बोलू.

तापीकाठची

मॅडम, वॉर्डात मी पेशंटचं वय, डायग्नोसिस आणि व्हायटल्स तेवढं कागदावर घेते. घरी आल्यावर हिस्टरी आठवून लिहिते, मग फिजिकल एक्झामिनेशन, आजाराची माहिती पुस्तकातून, मग केअर प्लॅन. नर्सिंग डायग्नोसिस सुचत नाही तेव्हा सीनियरची फाइल बघते. शेवटी ड्रग बुक. बरेचदा दुसऱ्या दिवशी पेशंटला डिस्चार्ज मिळालेला असतो, मग इव्हॅल्युएशन अंदाजाने लिहावं लागतं किंवा नवा पेशंट घ्यावा लागतो.

केळीवाला_बाप

माझी मुलगी बारावीला आहे, बीएस्सी नर्सिंगची सीईटी द्यायची म्हणते. रावेरहून अप-डाउन करावं की हॉस्टेलला ठेवावं? आणि मुलींना नाइट ड्यूटी असते का? घरात आजीचा त्याला फार विरोध आहे.

यावलची_सून

काका, तुमच्यासाठी वेगळा धागा काढा, पुष्कळ जण उत्तर देतील. थोडक्यात सांगते : नाइट असते आणि ती टळत नाही. रावेरहून रोजचं येणं-जाणं पहिल्या वर्षी निभतं, पोस्टिंग वाढली की हॉस्टेल बरं. आजीला एकदा कॉलेज आणि हॉस्टेल दाखवायला घेऊन जा.

जुनी_टोपी

तापीकाठची, तुझ्या उत्तरातच सगळं आलं. तुझी झोप केअर प्लॅन खात नाहीये. माहिती वॉर्डात गोळा न झाल्यामुळे ती घरी आठवण्यात, शोधण्यात आणि परत लिहिण्यात रात्र जाते आहे. तिथेच कापायचं.

पहिली गोष्ट पेशंट निवडण्याची. पोस्टिंगच्या पहिल्या दिवशी मुली ज्याचा आजार सोपा वाटतो तो पेशंट घेतात. साधा ताप, जुलाब. तो दुसऱ्या दिवशी घरी जातो आणि फाइल अर्धी राहते. पेशंट असा घ्यायचा जो निदान तीन-चार दिवस वॉर्डात राहणार. इन्चार्ज सिस्टरला सरळ विचारायचं, "यातलं कोण इतक्यात जाणार नाही?" त्यांना बरोबर ठाऊक असतं.

आता एक उदाहरण घेऊ. समज, चोपड्याच्या बाजूचा, सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यावरचा एकोणीस वर्षांचा मुलगा आलाय. सिकलसेलचा आजार, दोन्ही गुडघे आणि कंबर प्रचंड दुखतेय. असा पेशंट साधारणपणे काही दिवस राहतो.

आठला हँडओव्हर झाला की बेड मेकिंग आणि स्पंजिंग तुला करायचंच असतं. हिस्टरी तेव्हाच घ्यायची. कधीपासून दुखतंय, आधी किती वेळा असं झालं, घरात आणखी कोणाला आहे का, पाणी किती पितो, थंडीत काम केलं होतं का. स्पंज करताना अंग डोळ्यांसमोर असतं, म्हणजे फिजिकल एक्झामिनेशनही तिथेच होतं : डोळे पिवळे आहेत का, ओठ फिकट आहेत का, सांधा सुजलाय का, पायावर जखम आहे का. हात पुसून खिशातल्या डायरीत दोन-दोन शब्द टिपायचे. नाव लिहायचं नाही, बेड नंबर पुरतो. आणि केस पेपरचा मोबाइलवर फोटो काढायचा नाही. वेळ वाचवायला मुली काढतात, पण ती पेशंटची खासगी माहिती आहे.

राउंड आणि दहाची औषधं झाली की साधारण साडेअकरानंतर वॉर्ड जरा सैल होतो. तेव्हा केस पेपर हातात घेऊन हिमोग्लोबिन आणि बाकी तपासण्या उतरवायच्या आणि तिथेच, पेशंटसमोर, केअर प्लॅनचे पहिले तीन रकाने भरायचे. मुलगा दुखणं दहापैकी आठ सांगतो. मग नर्सिंग डायग्नोसिस पेशंटच तुला सांगतो : तीव्र वेदना, कारण विळ्याच्या आकाराच्या पेशींनी बारीक रक्तवाहिन्या अडवल्या, पुरावा म्हणजे त्याने सांगितलेला आठचा आकडा आणि गुडघा न हलवणं. उद्दिष्ट मोजता येईल असं हवं. "पेशंटला बरं वाटेल" हे उद्दिष्ट होत नाही. "वेदनाशामक दिल्यावर तासाभरात वेदना पाचवर किंवा खाली येईल" हे झालं. मग तू ऑर्डरप्रमाणे औषध दिलंस, गुडघ्याला कोमट शेक दिलास, पांघरूण घातलंस, पाणी पाजून इनटेक-आउटपुट लिहिलंस, ताप आणि ऑक्सिजन बघितलास, तासाभराने परत विचारलंस. तो पाच म्हणाला. झालं तुझं इव्हॅल्युएशन, अंदाज कशाला लावायचा? आकडा खाली आला नाही तर तेही लिहायचं आणि सिस्टरला सांगायचं. छातीत दुखायला लागलं, दम लागला किंवा ताप चढला तर फाइल बाजूला ठेवून आधी सांगायला पळायचं.

घरी उरतं ते फक्त रॅशनल आणि आजाराचं अर्धं पान. त्याला पाऊण तास लागतो.

सीनियरच्या फाइलबद्दल एकच सांगते. वेदनेचा छापील केअर प्लॅन फिरत असतो, त्यात "बर्फाचा शेक द्या" असं असतं. ते मुरगळलेल्या पायाचं असतं. सिकलसेलच्या पेशंटला थंडीने रक्तवाहिन्या आकसतात आणि दुखणं वाढतं. फाइलमध्ये बर्फ दिसला की ट्यूटरला लगेच कळतं, की ही मुलगी त्या खाटेजवळ गेलीच नव्हती. मार्क तर जातातच, पण उद्या तिने तो शेक खरोखर दिला तर?

सातपुडा_ब्रदर

मॅडमनी सिकलसेलचं घेतलं म्हणून लिहितो. मी धडगाव तालुक्यातला, नंदुरबारला शिकतो. माझ्या लहान भावाला हा आजार आहे. आमच्याकडे ताप आला की ओलं फडकं गुंडाळून ठेवतात, आणि त्याचं अंग आणखी धरतं. वॉर्डात असा पेशंट आला की मी त्याच्या आईशी पावरीत बोलतो. दहापैकी किती दुखतं, असं विचारलं तर आमची माणसं गप्प बसतात. "काल रात्री झोप लागली का, उठून बाहेर जाता आलं का" असं विचारलं की खरं दुखणं कळतं. हेही हिस्टरीत लिहा, कुठल्याच पुस्तकात मिळणार नाही.

माझं घरचं ओझं वेगळं आहे. आई-बाबा ऊसतोडीला गेले की दोन बहिणींचे फोन मलाच. शाळेतलं, दुखणंखुपणं, किराणा. पूर्वी वॉर्डात असताना फोन वाजायचा आणि दिवसभर जीव तिकडे राहायचा. आता त्यांना सांगून ठेवलंय की सव्वादोनला मीच फोन करेन. मधे फोन आला तर तो फक्त आजारपणाचा. तेवढ्यानेही खूप फरक पडला.

फाइल_पेंडिंग

जुनी_टोपी मॅडम, आदर राखून बोलतो. कागदावर छान आहे, पण साडेअकराला वॉर्ड सैल होतो हे कुठल्या काळातलं? आमच्याकडे स्टाफ कमी. स्टुडंट म्हणजे सॅम्पल घेऊन लॅबला जा, एक्स-रेला पेशंट ने, ब्लड बँकेत जा. दोन वाजेपर्यंत बूड टेकत नाही. शिवाय केअर प्लॅन, केस स्टडी आणि केस प्रेझेंटेशन, तिन्ही वेगवेगळ्या पेशंटवर लागतात.

धुळ्याची_सिस्टर

फाइल_पेंडिंगचं खरं आहे. मी स्टाफच्या बाजूने सांगते. मुलांना पळवलं जातं, कारण आम्हीच कमी असतो. पण सकाळी हँडओव्हरनंतर एखादी स्टुडंट येऊन म्हणाली, "सिस्टर, अठरा नंबरचा माझा पेशंट आहे, त्याचं स्पंजिंग, औषधं, इनटेक-आउटपुट सगळं मी बघते", तर ती खाट माझ्या डोक्यावरून उतरते. तिला मी सहसा लॅबला पाठवत नाही. जी मुलं दारात घोळक्याने उभी असतात ती जातात. सगळ्याच वॉर्डात हे चालेल असं नाही. कॅज्युअल्टीला तर अजिबात नाही.

जुनी_टोपी

वेगवेगळे पेशंट लागतात हे बरोबर, आणि कॉलेज सांगेल तसंच करायचं. पण एकाच मुलावर केअर प्लॅन केलास तर त्याचीच औषधं, हायड्रॉक्सीयुरिया आणि फॉलिक ॲसिड, ड्रग बुकात जातात. पाणी भरपूर पी, थंडीत उघडं राहू नको, ताप आला की घरी थांबू नको, हा त्याचाच हेल्थ टॉक झाला. तिन्ही नोंदींचं वाचन एकदाच होतं. पळापळीच्या वॉर्डाला मात्र माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. तिथे डायरीतले दोन शब्द एवढंच हाती लागतं.

खान्देशी_तडका

दोन शब्द टिपायला डायरी काढली की मागून आवाज येतो, "काय लिहतस वं माय, सलाईन संपनं ना!" 😄

तापीकाठची

मॅडम, स्पंजिंग करताना हिस्टरी घ्यायची हे मला कोणीच सांगितलं नव्हतं. उद्यापासून करते. डायरीची तडकाताईंनी आधीच कल्पना दिली ते बरं 😊

आता नाइटचं सांगा ना कोणी. रात्री आठ ते सकाळी आठ आहे. गाडीने घरी पोहोचेपर्यंत साडेदहा-अकरा. तेव्हा घरात धुणं, मुलीचं जेवण, शेतातून कोणी ना कोणी येतं. मी विचार केला होता की आल्यावर सगळं आवरून दोन वाजता झोपावं.

धुळ्याची_सिस्टर

दोनला झोपू नकोस. घरी आलीस की हातपाय धू, चार घास खा आणि लगेच झोप. सकाळचं ऊन आणि घरातला वावर शरीराला सांगत राहतो की दिवस झालाय. जितका उशीर करशील तितकी झोप तुटक होते. शिवाय दोनला झोपलीस तर चारला मुलगी उठवेल आणि साडेपाचला परत निघायचं असेल. खोली अंधारी कर, खिडकीला जाड चादर लाव. येताना गाडीत डोळ्यांवर ओढणी घे, पण बरोबर कोणी असेल तरच झोप, नाहीतर भुसावळ-सुरत गाडीत अमळनेर निघून जाईल आणि तू नंदुरबारला उतरशील. आणि स्टेशनवरून घरी स्कूटी चालवत जाऊ नकोस. नाइटनंतरचा तो रस्ता फार वाईट. ह्यांना किंवा दिराला घ्यायला यायला सांग.

पहिल्या नाइटच्या दिवशी दुपारी दीड तास तरी झोपून निघ, भले झोप नीट लागली नाही तरी. रात्री जेवण निघण्याआधी किंवा दहाच्या आत. एक-दोन वाजता शेवभाजी खाल्ली की पोट जड होतं आणि तीनला डोळे मिटतात. पहाटे तीन ते पाच शरीर सगळ्यात खाली असतं. कितीही झोपून आलीस तरी ती वेळ जडच जाते. म्हणून त्या वेळात इंजेक्शन काढलंस तर व्हायल आणि डोस दुसऱ्या माणसाला मोठ्याने वाचून दाखव. इन्चार्जने परवानगी दिली तर दोनच्या आसपास वीस मिनिटं डोळे मिट, गजर लावून. अर्ध्या तासाच्या वर गेलीस तर उठल्यावर काही वेळ डोकं बधिर राहतं, त्या अवस्थेत औषधाला हात लावू नये.

चहा-कॉफी बारा-एकपर्यंतच. कॉफीचा अर्धा असर पाच-सहा तासांनीही अंगात असतो. पहाटे पाचचा चहा तुला दहाला झोपू देणार नाही.

पहाटेचा_अभ्यास

पण सिस्टर, पहाटे पाचला सगळा स्टाफ चहा घेतो, तेव्हा नाही कसं म्हणायचं? मला तर चहा पिऊनही झोप लागते.

धुळ्याची_सिस्टर

लागत असेल, माणसागणिक फरक असतो. ताईने आधी चहाशिवाय बघावं. सोबतीला बसायचंच असेल तर कपभर दूध घ्यावं.

वेचणीवाली_जिजी

मी हे मुलाच्या मोबाइलवरून लिहिते आहे, तोच टाइप करून देतोय. मी सासू आहे. माझी सून पारोळ्याहून शिकायला जाते. तिची नाइट लागली तेव्हा ती सकाळी येऊन झोपायची आणि मला राग यायचा, खोटं कशाला बोलू. बाया वेचणीला जाताना विचारायच्या, सून अजून उठली नाही का? एकदा तिने मला बसवून सांगितलं की आई, मी रात्रभर पंधरा माणसं बघितली, त्यातल्या एका म्हातारीला दर तासाला कुशीवर वळवलं. तिने कागदावर पूर्ण महिन्याच्या ड्यूट्या लिहून देवघराजवळ लावल्या. लाल म्हणजे रात्रीची, आणि त्या दिवशी अकरा ते चार दार वाजवायचं नाही. मला वाचता येत नाही, पण लाल रंग कळतो. आता बाया विचारतात तर मीच सांगते की रात्रपाळीहून आलीये.

तापीकाठच्या बाईने तिच्या सासूला "मला वेळ नाही" असं म्हणू नये. कोणत्या दिवशी कोणत्या वेळी घरात असेल ते सांगावं. आम्हाला वेळ कळली की आम्ही भाकरी आधी थापून ठेवतो. वेचणीला मजूर असले की सकाळीच जास्त थापायच्या, त्यात काय.

यावलची_सून

जिजी, पाया पडते 🙏 हे माझ्या सासूबाईंना वाचून दाखवणार आहे.

सातपुडा_ब्रदर

लाल रंगाची युक्ती माझ्या बहिणींनाही लागू पडेल.

फाइल_पेंडिंग

सगळ्या सासवा जिजींसारख्या नसतात. माझ्या वर्गातल्या एकीने असाच तक्ता लावला तर तो फाडला गेला. तिने मग हॉस्टेल घेतलं आणि मुलगा आईकडे ठेवला. त्याचीही किंमत आहेच. तक्त्याने सगळीकडे काम होईल असं कोणी समजू नये.

नाव_नको

पहिल्यांदा लिहिते. फायली माझ्या पूर्ण आहेत, मी हॉस्टेलला राहते, घरचं काम नाही. तरी सकाळी युनिफॉर्म घालताना रडू येतं. सुट्टीच्या दिवशीही झोप लागत नाही. वॉर्डात एक बाई आमच्यासमोर गेल्या, तेव्हापासून असं होतंय, महिना होऊन गेला. हे वेळेचं नियोजन करून जाईल का?

जुनी_टोपी

बाळा, नाही जाणार, आणि यात तुझा काही दोष नाही. थकवा झोप मिळाली की उतरतो. झोपायची संधी असून झोप न लागणं, रोज रडू येणं, आणि ते दोन आठवड्यांहून जास्त टिकणं, हे थकव्याच्या पुढचं आहे. त्याला माणूस लागतं. तुझ्या क्लास कोऑर्डिनेटरला आज सांग. तिला सांगणं जड जात असेल तर टेली मानसला १४४१६ वर फोन कर. सरकारी सेवा आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात. हॉस्पिटलातच मानसोपचार विभाग असेल तर तिथे जाता येईल. पहिला मृत्यू पाहिल्यावर मुलींना बसवून कोणी बोलत नाही, हे आमच्या शिकवण्यातलंच राहून गेलेलं आहे. उत्तर दे, मी उद्या परत बघते.

धुळ्याची_सिस्टर

नाव_नको, मला व्यक्तिगत निरोप पाठव. धुळ्यात असशील तर प्रत्यक्ष भेटू.

नाव_नको

आत्ता फोन केला. अर्धा तास बोलले. मानसोपचार ओपीडीला जायला सांगितलंय. मॅडमना उद्या सांगते. सिस्टर, निरोप पाठवलाय.

केळीवाला_बाप

हे सगळं वाचून मुलीला दाखवलं. ती म्हणते, तरी करायचंच. आजीला जिजींचं वाचून दाखवलं, ती अजून काही बोलली नाही.

तापीकाठची

बऱ्याच दिवसांनी लिहिते आहे. वॉर्डात एक डायबेटीसच्या पायाची जखम असलेले बाबा पेशंट म्हणून घेतले, कारण सिस्टर म्हणाल्या ते लवकर जाणार नाहीत. ड्रेसिंगच्या वेळी त्यांची सगळी हिस्टरी मिळाली. दोन वर्षं अनवाणी शेतात जात होते, पायाला खिळा लागला तरी कळलं नाही. हे मी घरी बसून कधीच लिहू शकले नसते. आता फाइल साडेअकराच्या आत मिटते. गाडीत जागा मिळाली तर रॅशनल तिथेच वाचून होतं, पण जळगावहून संध्याकाळी जागा मिळणं नशिबाचं.

जे सुटलं नाही ते सांगते. आमच्याकडे रफ आणि फेअर दोन्ही वह्या मागतात, म्हणजे तेच परत लिहायचं. मॅडमना विचारलं, अजून उत्तर नाही. आणि सासूबाईंचं म्हणणं आहे की वेचणीचे शेवटचे चार दिवस सुट्टी घे, नाइटच्या आधी आराम पण होईल.

जुनी_टोपी

सुट्टी घेण्याआधी हिशोब कर. परीक्षेला बसायला ऐंशी टक्के हजेरी पुरते म्हणून मुली निर्धास्त असतात. पण डिप्लोमा हातात यायच्या आधी क्लिनिकलची हजेरी शंभर टक्के भरावी लागते. चार दिवस सकाळचे सहा-सहा तास गेले, तर ते चोवीस तास पुढे कधीतरी, बहुतेक सुट्टीत, त्याच वॉर्डात भरून द्यावे लागतील. तेव्हा मुलीची शाळा सुरू होत असेल किंवा आखाजीचं माहेरपण असेल. आजारपणासाठी सुट्टी राखून ठेव. वेचणीला मजूर मिळतो का ते आधी बघा.

रफ-फेअरसाठी एकटी विचारू नकोस. वर्गातल्या पाच-सहा जणी मिळून जा आणि डायरीतली पानं सोबत न्या. पेशंटजवळ लिहिलेलं पान दिसलं की काही ट्यूटर तेच रफ म्हणून मान्य करतात. सगळ्याच करतील असं नाही.

तापीकाठची

शंभर टक्क्यांचं माहीत नव्हतं. मग सुट्टी नाही घेत. ह्यांना सांगते, दोन बाया वाढवून बघू.

आणखी एक. नाइटच्या दिवशी लेक्चर असलं तर सकाळी घरी जाऊन परत येणं शक्यच नाही. जळगावात सकाळी नऊ ते दोन पडायला कुठे जागा मिळेल? कोणाला माहीत आहे का?

यावलची_सून

मी हॉस्टेलच्या वॉर्डनबाईंना विचारते. मागे एका डे-स्कॉलर मुलीला सिक रूममध्ये झोपू दिलं होतं, पण प्राचार्यांचा अर्ज लागला होता. अर्ज आत्ताच करून ठेव, नाइट लागल्यावर नको.

फाइल_पेंडिंग

अर्जात नाइटच्या तारखा लिही आणि त्या दिवसांचं लेक्चरचं टाइमटेबल जोड. नुसतं "झोपायला जागा हवी" लिहिलं की परत येतो, आमचा आला होता.

तापीकाठची

उद्या जळगावला गेले की आधी तेच करते. यावलताई, वॉर्डनबाई काय म्हणाल्या ते इथेच कळवा.